परखीमामाची विसावी साक्ष

परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार, पोकळ लोखंडी नळी. पोतं न उघडता ती आत घालायची, फिरवायची, बाहेर काढायची, की आतला मूठभर माल तळहातावर येतो. धान्य, तीळ, मिरी, मसूर, सगळं असंच पारखतात. आमच्या या गृहस्थाने ती नळी एकतीस वर्षं हातात धरली, त्यामुळे त्याचं खरं नाव बाजार विसरून गेला. सगळे त्याला परखीमामा म्हणायचे. शेठ लोक म्हणायचे, हमाल म्हणायचे, आणि एकदा तर त्याच्या बायकोनेही दुकानात फोन करून “परखीमामा आहेत का?” असं विचारलं होतं. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

रागावायला त्यांना फार वेळ लागत नसे. माणूस हुशार, पण त्याच्या हुशारीला जरा कुणी बोट लावलं की संपलं. तीळ तळहातावर घ्यायचे, वास घ्यायचे, दोन दाणे पुढच्या दातांनी फोडायचे आणि “पसंत” किंवा “नको” एवढंच म्हणायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, “कारण ऐकायचं असेल तर स्वतः चावून बघा.” खरेदीदार त्यांना रोजावर नेत. मामांनी पसंत म्हटलं की नमुन्याची पिशवी भरायची, तिचं तोंड शिवायचं, त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि पोती ट्रकवर चढवायची.

पण मामांचा खरा मान वेगळ्याच गोष्टीत होता. बाजारातले सौदे एका वीतभर चिठ्ठीवर होतात. माल कुठला, पोती किती, भाव काय, उचलायची कधी, बस्स. बाकी काही लिहीत नाहीत. पुढे भांडण झालं की प्रश्न येतो: जे लिहिलंच नाही त्याचं काय? तेव्हा व्यापारी मंडळाचे तीन लवाद बसतात आणि बाजारात रीत काय आहे ते विचारतात. जिथे चिठ्ठी गप्प, तिथे रीत बोलते. आणि रीत कोण सांगणार? परखीमामा.

त्यातली सगळ्यात कडक रीत गेटची. चिठ्ठीत वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर खरेदीदाराने माल गोदामातच तपासायचा. नमुना पसंत करून पोती गेटबाहेर गेली की मालाच्या प्रतीबद्दल तक्रार संपली. मग आत कीड निघो, बुरशी निघो, नाहीतर उंदराचं अख्खं खानदान निघो. या एका रीतीवर मामांनी मंडळापुढे एकोणीस वेळा साक्ष दिली. दर वेळी एकच प्रश्न विचारला जाई: “गेटबाहेर गेलेला माल कधी परत आलेला पाहिलात?” आणि मामा छाती पुढे काढून सांगत, “एकदाही नाही.”

त्यातली बारावी साक्ष एका शेंगदाणेवाल्याविरुद्ध होती. त्याचं बऱ्यापैकी दुकान होतं. पोत्यांच्या तळाशी बुरशी निघाली, तो रडत मंडळात आला आणि मामांनी “एकदाही नाही” म्हणून त्याला सपाट केला. पुढे दुकान गेलं. तो आता मंडळाच्या दारापाशीच हातगाडीवर खारे दाणे विकतो. मामा रोज त्याच्यासमोरून जात आणि एखाद्या दिवशी दाणे हातात घेऊन म्हणत, “बघ हं, गाडीपासून चार पावलं गेलो की माझी तक्रार संपली!” सोबतचे हसायचे. दाणेवालाही हसायचा, करतो काय बिचारा. मला तर त्या हसण्याचा तेव्हाही राग यायचा, पण आमच्यासारख्यांना विचारतो कोण.

मामांची धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला तेलाचा घाणा चालवायची. नवरा तिला आणि घाण्याला सोडून कधीच चालता झाला होता. जाताना घाण्याचा पट्टा तुटका होता, तोही दुरुस्त करून गेला नाही. हिने पट्टा बदलला, चार बायका कामाला ठेवल्या आणि बारा वर्षांत असं तेल काढलं की लोक रिकामे डबे घेऊन सकाळी दारात उभे राहायचे. वर्षभराचे तीळ ती हंगामात एकदम घ्यायची. आत्तापर्यंत छोट्या अडत्यांकडून घेत होती. यंदा पहिल्यांदा मोठ्या बाजारात आली, दोनशे पोती घ्यायला, कारण दादा होता.

गोदामवाला शेठ मामांचा जुना ओळखीचा. चहा झाला, भाव ठरला, शेठच्या मुनिमाने चिठ्ठी लिहिली. बहिणीने ती वाचली आणि पेन मागितलं. खाली तिच्या शाळकरी अक्षरात लिहिलं: माल घाण्यावर उतरवून, पोती उघडून बघितल्यावर पसंत.

मामांचे कान लाल झाले. “हे काय लिहितेस?”

“अरे, आतलं कसं दिसणार इथे? घरी उघडून बघितलं की—”

“मी बघतोय ना इथे? माझ्यासमोर माझीच बहीण असं लिहिते, लोक काय म्हणतील? ज्यांना कुणावर भरवसा नाही ते लिहितात असं.” आणि शेठकडे बघून ते हसले. “पहिलीच वेळ आहे हो हिची. सोडा.” त्यांनी स्वतःच्या हाताने ते वाक्य खोडलं. आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. ऐटीत.

मग परखी. शेठचा माल थप्पीत रचलेला, छतापर्यंत. मामांनी बाहेरच्या बाजूची वीस पोती टोचली, जिथवर हात पोहोचतो तिथवर. आतली पोती बघायची तर हमाल बोलावून थप्पी फोडायला लावायची असते. खरेदीदाराने मागितलं की शेठला नाही म्हणता येत नाही, हीसुद्धा रीतच आहे. पण थप्पी फोडायला तास-दीड तास जातो, आणि ओळखीच्या शेठला ‘फोडा’ म्हणणं म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवणं. शिवाय मामांच्या मते त्यांना थप्पीच्या बाहेरून आतलं कळत होतं. दोन दाणे चावले. “पसंत.” सोमवारी दुपारी चारच्या आत दोनशे पोती गेटबाहेर.

मंगळवारी सकाळी बहीण धावत त्यांच्या घरी आली. चप्पल एका पायात तुटलेली, हातात फडक्यात बांधलेले तीळ. मामांनी गाठ सोडली आणि वास घेतला. चावायची गरजच नव्हती. कुबट, काळपट, गोळे झालेले तीळ. मधल्या रांगांची नव्वद पोती तशी होती. माल आला तेव्हाच कधीतरी ओली पोती मध्ये रचली गेली असणार. शेठलाही ते ठाऊक नव्हतं, हे पुढे लवादानेही मानलं आणि ते खरंच होतं.

“दादा, चल, शेठकडे जाऊ. मी हात जोडते. तुझ्या ओळखीचा आहे, बदलून देईल. नव्वद पोती गेली तर उरलेल्या मालातून कर्ज फेडू की वर्षभर घाणा फिरवू? त्या चौघींना काय सांगू?”

ती दारातून निघालीसुद्धा. मामांनी तिचा हात धरून मागे ओढली.

आता शेठकडे जाणं म्हणजे काय, ते मामांना चांगलं माहीत होतं. चहाच्या कपासमोर उभं राहून म्हणायचं, ‘शेठ, चुकलो. टोचली, चावली, पसंत म्हटलं आणि सडकी निघाली.’ एकतीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात बभ्रा झाला असता. हमाल मागून खिदळले असते.

“भीक मागायची नाही,” ते म्हणाले. “तुझा हक्क आहे. मंडळात अर्ज दे. लवादात माझ्या शब्दाला वजन आहे.”

“पण तूच सांगतोस ना, गेटबाहेर गेलं की—”

“ते इतरांसाठी. मी बघतो.”

बहिणीने विश्वास ठेवला. ठेवणारच. मोठा भाऊ होता.

अर्ज गेला. गुरुवारी शेठच्या हातात नोटीस पडली. बहिणीने एक वकीलबाई केली, तरुण, चष्मेवाली, फटकळ. तिने पहिल्याच भेटीत चिठ्ठी बघितली आणि खोडलेल्या वाक्यावर बोट ठेवलं.

“हे कुणी खोडलं?”

मामांनी शेजारच्या आपल्या सहीकडे बोट केलं.

“हे राहिलं असतं ना, तर मला एक शब्द बोलायची गरज नव्हती. लिहिलेल्या अटीपुढे रीत उभी राहू शकत नाही. रीत शिरते ती फक्त मोकळ्या जागेत. तुम्ही जागा साफ करून दिलीत.” मग ती जरा नरमली. “दोन रस्ते आहेत. रीत बंधनकारक व्हायला ती सगळ्यांना माहीत पाहिजे, ठाम पाहिजे, सगळीकडे सारखी पाळली गेली पाहिजे आणि वाजवी पाहिजे. एक तर ती सारखी पाळली जात नाही हे दाखवायचं, किंवा ती अन्यायाची आहे हे दाखवायचं. मामा, खरं सांगा. गेटबाहेर गेलेला माल कधीच परत आला नाही?”

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बोलले, “सात वेळा.”

बहिणीने त्यांच्याकडे असं बघितलं की वकीलबाईच खाली बघायला लागली.

मंडळाचा हॉल तसा साधाच. लांब टेबल, तीन खुर्च्या, पंखा, भिंतीला जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी. मुख्य लवाद मिरीचा म्हातारा व्यापारी, कानाला यंत्र, पण ऐकायचं ते बरोबर ऐकणारा. मागच्या बाकांवर बाजारातले रिकामटेकडे. आज परखीमामा स्वतःच्या बहिणीसाठी बोलणार म्हटल्यावर बाकं भरली होती. दाणेवालाही गाडी बाहेर लावून आत येऊन बसला होता.

शेठच्या वकिलाने आधी मंडळाची जाड वही उघडली आणि मामांच्या एकोणीसच्या एकोणीस साक्षी वाचून दाखवल्या. हळू, एकेक. दर साक्षीच्या शेवटी “एकदाही नाही” आलं की थांबायचा, मामांकडे बघायचा आणि पान उलटायचा. दहाव्यापासून मागच्या बाकांवरून लोक त्याच्याबरोबर पुटपुटायला लागले, “एकदाही नाही.” कुणीतरी फिस्सकन हसलं. मुख्य लवादाने कुणालाही गप्प केलं नाही.

“सह्या तुमच्याच?”

“माझ्याच.”

मग वकीलबाईने विचारलं, आणि मामांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉलमध्ये खरं सांगितलं. साबणाच्या कारखान्याने एकदा. बिस्किटवाल्यांनी दोनदा. जहाजांना माल पुरवणाऱ्याने तीनदा. आणि एकदा, इथे त्यांनी घसा खाकरला, एकदा या टेबलावर बसलेल्या मुख्य लवादांनीच, चौदा वर्षांपूर्वी, मिरीची चाळीस पोती. सगळा माल गेटबाहेर गेलेला होता आणि सगळा परत घेतला होता.

मामांना वाटलं, जिंकलो.

म्हातारा अजिबात चिडला नाही. कानातलं यंत्र नीट केलं आणि म्हणाला, “खरं आहे. मी परत दिली होती. मी कसं मागितलं होतं, आठवतं का? तुम्ही तिथे होतात.”

“हो.”

“हक्काने मागितलं होतं?”

मामांनी नकारार्थी मान हलवली.

“मी शेठच्या घरी गेलो होतो. चूक माझ्या माणसाची आहे, सांभाळून घ्या, म्हणालो होतो. बाकीच्या सहांचं?”

“तसंच,” मामा म्हणाले. “विनंतीने.”

“मग ती मेहरबानी झाली. मेहरबानी केली म्हणून रीत मोडत नाही. उलट, विनंती करावी लागली याचाच अर्थ हक्क नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.”

वकीलबाई उठली. तिने दुसरा रस्ता धरला. बाहेरून टोचून आतली बुरशी कशी दिसणार? मग अशी रीत वाजवी कशी? शिवाय या बाई बाजारातल्या नाहीत, त्यांना रीत माहीत कशी असणार? शेठच्या वकिलाने मामांकडे वळून तीनच प्रश्न विचारले. थप्पी फोडायला सांगायचा हक्क खरेदीदाराला असतो का? असतो. तुम्ही सांगितलं का? नाही. आणि बाईंच्या वतीने माल बघणाऱ्या माणसाला गेटची रीत माहीत होती का?

मागून कुणीतरी मोठ्याने हसलं. मग सगळेच हसले. अख्ख्या बाजारात ती रीत ज्याला सगळ्यात जास्त माहीत होती तोच माणूस तिथे उभा होता, आणि घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

लवाद आत जाऊन वीस मिनिटांत परत आले. चिठ्ठी तपासणीच्या जागेबद्दल आणि वेळेबद्दल गप्प आहे. जे वाक्य होतं ते बाईंच्याच माणसाने सही करून काढलं. रीत जुनी, ठाम आणि सर्वांना माहीत. थप्पी फोडून बघायची सोय असल्याने वाजवी. बाईंनी बाजाराचा जाणकार घेऊन सौदा केला, त्यामुळे त्यांनाही लागू. विक्रेत्याने काही लपवल्याचा पुरावा नाही. अर्ज फेटाळला. बाहेरच्या शाळेची मधली सुट्टी संपायच्या आत सगळं संपलं.

मामा खुर्चीतून उठले तर दाणेवाला समोर. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच हसत नव्हता.

“माझ्या वेळी तुम्हाला विचारलं होतं,” तो म्हणाला. “कधी परत आलाय का म्हणून. तुम्ही ‘हो, मागितला तर देतात’ एवढंच म्हणाला असतात, तर मी शेठच्या पायावर डोकं ठेवलं असतं हो. मला माहीतच नव्हतं की मागता येतं.” तो बाहेर गेला आणि गाडीवरचे दाणे उगाच खालीवर करत बसला.

मंडळाच्या गेटपाशी शेठ भेटला. गाडीत बसता बसता थांबला. माणूस वाईट नव्हता, हाच तर सगळा घोळ. बहिणीला म्हणाला, “ताई, वाईट वाटतं. पण एकदा नोटीस आल्यावर मी मागे कसा येणार? नाव खराब होतं. तुम्ही आधी आला असतात तर नव्वद पोती त्याच दिवशी बदलून दिली असती. मुनिमाला मी सांगूनही ठेवलं होतं.”

“तुम्हाला कळलं होतं?”

“मंगळवारी दुपारीच कळलं. हमालांकडून. म्हटलं, मामा येतील. बुधवारी दिवसभर दुकानातच होतो, जेवायलासुद्धा घरी गेलो नाही.” तो मामांकडे वळला. “का नाही आलात हो?”

शेठने थोडा वेळ वाट बघितली आणि गाडीचं दार लावून घेतलं.

गाडी गेल्यावर बहिणीने विचारलं, “दादा, तो बदलून देईल हे तुला माहीत होतं?”

खोटं बोलता आलं असतं. एकोणीस वेळा जमलं होतं.

“हो,” मामा म्हणाले.

“मग?”

“मला त्याच्यासमोर चुकलो म्हणायचं नव्हतं.”

तिने मान हलवली. तिला ते नीट समजलं होतं, आणि समजलं म्हणूनच तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, दुसरंच काहीतरी आलं. राग आला असता तर मामांना पुष्कळ बरं वाटलं असतं. तिने पर्समधून घाण्याच्या किल्ल्या काढल्या आणि मुठीत धरल्या.

“मी जाते. त्या चौघी वाट बघत असतील. त्यांना दुसरीकडे काम बघा म्हणून सांगायचंय.”

“मी येतो बरोबर. मी सांगतो त्यांना, माझी चूक—”

“नको,” ती म्हणाली. “आता नको. आता त्यांना त्याचा काय उपयोग?”

आणि ती रस्ता ओलांडून गेली. भरभर, मागे न बघता.